बॅटरी खरंच गेली आहे का? बदलण्याआधी तारखेचा कोड, टर्मिनल आणि सेल्फचा आवाज कसा वाचायचा

सेल्फ मारल्यावर इंजिन रोजच्यासारखं झटकन न फिरता कण्हत फिरायला लागलं, की बहुतेकांचं निदान तिथल्या तिथे होतं : बॅटरी गेली. बोनेट उघडल्यावर टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसतो आणि संशय पक्का होतो. बॅटरीच्या झाकणावर `E2` असं काहीतरी उमटवलेलं असतं, पण ते काय आहे हे कळत नाही, म्हणून तिकडे कोणी बघत नाही. नवी बॅटरी येते, गाडी आठवडाभर छान चालते आणि कधीकधी त्यानंतर पुन्हा तेच कण्हणं सुरू होतं.

असं होतं, कारण जुनी बॅटरी, खराब जोड आणि अशक्त बॅटरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून तिन्ही सारख्याच वाटतात. त्या वेगळ्या करायला साधा मल्टिमीटर, सेल्फ मारायला एक मदतनीस आणि अर्धा तास पुरतो. पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये जी १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते, तिच्याबद्दलच हे सगळं आहे.

सेल्फला नेमकं काय लागतं

दोन्ही हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर करंट घेतात. लहान पेट्रोल इंजिन फिरवायला सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर घेतो, डिझेलला त्याहून जास्त लागतो, आणि इंजिन जागचं हलण्याच्या पहिल्या क्षणी तर हा आकडा कितीतरी वर जातो. म्हणजे गाडीतलं दुसरं कुठलंही उपकरण बॅटरीची अशी परीक्षा घेत नाही. हॉर्न वाजतो, रेडिओ लागतो, लाइट लख्ख पडतात, यावरून बॅटरी सेल्फला पुरेल की नाही हे ठरत नाही ते यामुळेच.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी खाली येणाऱ्या पाइपात गाळ बसला असेल, तर नळाला बारीक धार येते. बादली भरायला तीही चालते, पण एकदम जोराचं पाणी हवं असेल तेव्हा खरी गोष्ट कळते. बॅटरीत हा गाळ दोन ठिकाणी बसतो. एक तर बॅटरीच्या आत, प्लेटा म्हाताऱ्या झाल्यामुळे. दुसरा बाहेर, म्हणजे बॅटरीचा शिशाचा खांब आणि त्याला आवळलेला वायरचा क्लॅम्प यांच्या मध्ये. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

गणित शाळेतलंच आहे : करंटला रोधाने गुणलं की वाटेत किती व्होल्ट गळाले ते मिळतं. समजा जोडावर ओहमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध आहे. रेडिओच्या दोन अँपिअरला तो काहीच वाटत नाही, कारण गळतात ०.०२ व्होल्ट. तोच जोड दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट खातो. बारातले दीड व्होल्ट एका जोडावरच गेले, तर सेल्फ मलूल होणारच. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते.

तारखेचा कोड कुठे असतो आणि कसा वाचायचा

आधी झाकणावर बघा, मग टर्मिनलच्या आसपास आणि शेवटी बाजूच्या भिंतींवर. काही कंपन्या तारीख गोल स्टिकरवर देतात, तर काही तापलेल्या शिक्क्याने प्लास्टिकमध्येच उमटवतात. उमटवलेला कोड धुळीखाली सहज लपतो. ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात पाहिलं की दिसतो.

सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही. त्यातली सर्वांत पसरलेली पद्धत म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे एक आकडा. अक्षर महिन्याचं : `A` म्हणजे जानेवारी, `B` म्हणजे फेब्रुवारी, असं करत `L` म्हणजे डिसेंबर. आकडा वर्षाचा शेवटचा अंक. म्हणजे `E2` ही मे २०२२ मधली बॅटरी. काही कंपन्या `I` हे अक्षर वगळतात, कारण ते `1` या आकड्यासारखं दिसतं. तिथे सप्टेंबर `J` होतो आणि डिसेंबर `M`. तुमच्या बॅटरीवर `J` असेल आणि कंपनीची पद्धत माहीत नसेल, तर सप्टेंबर की ऑक्टोबर एवढाच घोळ राहतो, आणि आपल्या कामापुरता त्याने काही फरक पडत नाही.

दुसरी पद्धत सरळ महिना-वर्षाची, जशी `05/22`. तिसरीत चार आकडे असतात, त्यातले दोन वर्षातल्या आठवड्याचे आणि दोन वर्षाचे : `2022` असं दिसलं तर ते थेट साल नसून २०२२ सालचा विसावा आठवडाही असू शकतो, तर `1423` म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. त्याहून लांबलचक कोडमध्ये कारखाना, पाळी, उत्पादनाची ओळ असलं बरंच काही कोंबलेलं असतं. तिथे डोकं फोडण्यापेक्षा बॅटरीच्या कंपनीने दिलेली उकल पाहावी.

एका अंकाच्या वर्षात एक फसगत आहे. `E2` मे २०१२ ही असू शकते. गाडी कधीची, बॅटरी आधी बदलली होती का, यावरून दशक ठरवावं लागतं. बहुतेक वेळा ते उघडच असतं, पण जुनी गाडी विकत घेतली असेल तर एकदा विचार करा.

दुसरी फसगत जास्त महत्त्वाची आहे. बॅटरीवर दोन तारखा असू शकतात : एक बनवल्याची, दुसरी विकल्याची. विकल्याची तारीख वॉरंटी कार्डावर असते, किंवा स्टिकरवरचे महिना-वर्षाचे चौकोन टोचून, खरवडून नोंदवलेली असते. वॉरंटी सहसा विक्रीच्या तारखेपासून धरतात. प्लेटांचं वय मात्र बॅटरी तयार झाली, आम्ल भरलं, तेव्हापासून मोजायचं. फळीवर पडून राहिलेली बॅटरी हळूहळू आपोआप उतरत असते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. मग कितीही चार्ज केलं तरी तो भाग पूर्वीसारखा कामाला येत नाही. म्हणून नवी घेताना तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. सहा महिन्यांहून जुनी असेल आणि मधे कोणी चार्ज केलेली नसेल, तर दुसरी मागावी.

मग चार वर्षं झाली म्हणजे बदलायचीच ना?

नाही. तारीख फक्त संशय किती घ्यायचा ते सांगते. तीन ते पाच वर्षं हा साधारण पल्ला मानतात, पण त्यात प्रचंड फरक पडतो, आणि फरक पाडणारी मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. तापमान वाढलं की प्लेटांची जाळी लवकर झिजते, पाणी लवकर उडतं. ढोबळ नियम असा की सतत दहा अंश सेल्सिअस जास्त तापमानात राहणाऱ्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. सावलीत उभी राहणारी, रोज तासभर चालणारी गाडी पाचव्या वर्षीही ठणठणीत सेल्फ मारते. इंजिनाच्या झळीत बसलेली आणि रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणारी बॅटरी दुसऱ्याच वर्षी दमू शकते, कारण एवढ्या छोट्या फेरीत सेल्फने खर्च केलेलं पुरतं भरूनही येत नाही.

गंमत अशी की बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं थंडीत. उष्णतेने आतली ताकद आधीच कमी केलेली असते, पण उबदार हवेत इंजिनाचं तेल पातळ असतं आणि काम निभावून जातं. थंडीत तेल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि नेमकं तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाला धडधाकट बॅटरीचीही ताकद उबदार दिवसाच्या साधारण दोन-तृतीयांश उरते. म्हणून थंडीच्या पहिल्या लाटेत गाडी अडली तर दोष त्या रात्रीचा नसतो.

तारखेचा उपयोग मी असा करतो : दोन वर्षांच्या आतली बॅटरी अडली तर आधी जोड, चार्जिंग आणि बंद गाडीत होणारी करंटची गळती यांच्यावर संशय घ्यायचा. चार वर्षांपुढची असेल तर बॅटरीवर, पण मोजल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

टर्मिनलवर साचलेलं ते काय असतं

चार्ज होताना बॅटरीत थोडं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू तयार होतात. बाहेर पडताना ते आम्लाचे सूक्ष्म थेंब बरोबर नेतात. शिवाय शिशाचा खांब प्लास्टिकच्या झाकणातून जिथे वर येतो, तिथली सीलबंदी सैल झाली की आम्ल खांबाच्या अंगाने वर झिरपतं. हे आम्ल शिशाला भेटलं की पांढरट-राखाडी पावडर होते, ते शिशाचं सल्फेट. वायरच्या किंवा क्लॅम्पच्या तांब्याला भेटलं की निळा-हिरवा थर येतो, ते तांब्याचं सल्फेट. म्हणजे रंगावरून कुठला धातू खाल्ला जातोय ते कळतं. निळा-हिरवा रंग दिसला तर क्लॅम्पच्या मागे वायरचं आवरण दाबून पाहा. ते फुगलेलं, कडक किंवा चुरचुरीत लागलं, तर आम्ल तारेच्या आत शिरलंय आणि वरवरची सफाई पुरणार नाही. क्लॅम्प किंवा सगळी वायरच बदलावी लागेल.

हा थर परत परत, थोड्याच आठवड्यांत यायला लागला तर तो नुसता पुसत बसू नका. डिस्टिल्ड वॉटर गरजेपेक्षा जास्त भरलं असेल, खांबाची सीलबंदी फुटली असेल, किंवा इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जास्त व्होल्ट देत असेल. शेवटचं तपासायला इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावायचा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.७ व्होल्ट यायला हवेत. पंधराच्या पुढे आकडा गेला तर बॅटरी आतून उकळतेय असं समजा.

आता सर्वांत मोठा गैरसमज. वर दिसणारी पावडर कितीही भयंकर दिसली, तरी करंट तिच्यातून जात नाही. करंट जातो खांब आणि क्लॅम्प जिथे एकमेकांना चिकटतात त्या आतल्या पृष्ठभागातून. बाहेर ढीगभर पावडर आणि आत स्वच्छ, घट्ट जोड, असं असू शकतं. उलट बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या क्लॅम्पच्या आत काळपट पातळ थर असतो आणि तोच सेल्फची मान आवळतो. म्हणून फोटो पाहून निदान होत नाही. क्लॅम्प हाताने पिळून पाहणं ही मात्र चांगली चाचणी आहे : तो खांबावर जरासुद्धा फिरला, तर पुढचं सगळं तपासण्याआधी तो आवळा.

सेल्फ कसा बोलतो

इंजिन फिरतंय, पण रोजच्यापेक्षा संथ, आणि प्रत्येक फेरीगणिक आणखी संथ होत जातंय : बॅटरी उतरलेली किंवा दमलेली असण्याची शक्यता जास्त. डॅशबोर्डचे दिवे त्याबरोबर मंद होतात.

टक-टक-टक असा मशीनगनसारखा आवाज येतो तेव्हा सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला जोडणारा विजेवर चालणारा मोठा स्विच, पुन्हा पुन्हा लागतोय आणि सुटतोय. तो लागला की मोठा करंट ओढला जातो, व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, व्होल्ट परत वर येतात, तो पुन्हा लागतो. कारण बॅटरी उतरलेली असू शकते किंवा जोड खराब. आवाजावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत, कितीही अनुभवी कान असला तरी.

एकदाच खट्ट आवाज आणि मग शांतता असेल, तर डॅशबोर्डच्या दिव्यांकडे बघा. दिवे तसेच प्रखर राहिले तर सेल्फ, सोलेनॉइड किंवा सेल्फकडे जाणारी वायर तपासायची. दिवे त्या क्षणी पार विझले आणि चावी सोडल्यावरही काही वेळ आलेच नाहीत, तर टर्मिनलचा जोड हा पहिला संशयित. तशात क्लॅम्प जरा हलवल्यावर गाडी सुरू झाली, तर शंका जवळपास फिटलीच.

आणि सेल्फ जोरात, खणखणीत फिरतोय पण गाडी सुरू होत नाही, तर बॅटरीला सोडून द्या. दोष इंधनात किंवा इग्निशनमध्ये आहे.

एक गाडी मोजून पाहू

समजा लहान पेट्रोल गाडी आहे. बॅटरीवर `E2`, म्हणजे मे २०२२, आणि आता २०२५ चा डिसेंबर. साडेतीन वर्षं झाली, वय संशयास्पद आहे. सकाळी सेल्फ संथ चालतो, आणि एकदा खट्ट होऊन सगळे दिवे विझले, मग दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. पॉझिटिव्ह टर्मिनलवर थोडा हिरवा थर आहे. कोणीही म्हणेल, बदलून टाका.

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या पट्टीवर ठेवायचा. तो अँपिअरवर ठेवून बॅटरीला कधीही लावायचा नाही. तसं केल्यास मीटर जवळजवळ नुसत्या तारेसारखा वागतो आणि फ्यूज उडतो, प्रसंगी मीटरही.

पहिलं मोजमाप शांत बॅटरीचं. गाडी रात्रभर उभी असेल तर सर्वांत बरं. नुकतीच चालवली असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. तो घालवायला हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. मीटरची टोकं क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबांच्या माथ्यावर टेकवायची. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास उतरलेली. आपल्या गाडीत आकडा आला १२.५४. बॅटरी जवळपास भरलेली आहे, पुढे जायला हरकत नाही. १२.३ वगैरे आला असता तर इथेच थांबून आधी चार्जरवर पूर्ण चार्ज केली असती. उतरलेली बॅटरी पुढच्या चाचणीत नापास होणारच; तिला तेवढ्यावरून मोडीत काढणं चुकीचं आहे.

दुसरं मोजमाप सेल्फ चालू असताना. टोकं खांबांवरच, मदतनीस सेल्फ मारतो. गाडी सेकंदात सुरू होत असेल तर आकडा वाचायला वेळ मिळत नाही, म्हणून सर्वांत कमी आकडा धरून ठेवणारा मीटर असेल तर सोपं पडतं. आपल्या गाडीत आले १०.९. सौम्य हवेत सेल्फ चालू असताना ९.६ च्या वर राहणारी बॅटरी चालू शकते आणि दहाच्या वर असेल तर चांगली. शून्य अंशाच्या थंडीत ९.१ पर्यंत खाली आली तरी चालतं. म्हणजे साडेतीन वर्षांची ही बॅटरी व्यवस्थित आहे. तरीही सेल्फ संथ का?

तिसरं मोजमाप निकाल देतं. आता एक टोक पॉझिटिव्ह खांबाच्या माथ्यावर, दुसरं त्याच खांबाला आवळलेल्या क्लॅम्पच्या धातूवर. दोघांमध्ये अंतर बोटभरही नाही. सेल्फ बंद असताना मीटर शून्य दाखवतो आणि ते बरोबरच आहे. करंट नसेल तर गळती नाही. सेल्फ मारल्याबरोबर आकडा येतो १.७१. निगेटिव्हवर तसंच मोजल्यावर येतो ०.०८. चांगल्या जोडावर हा आकडा शून्याच्या आसपास असतो, आणि ०.२ च्या वर गेला की जोड खोलायचाच.

म्हणजे बॅटरीने १०.९ व्होल्ट दिले आणि पॉझिटिव्हच्या एका जोडाने त्यातले १.७१ गिळले. सेल्फकडे जाणाऱ्या वायरींच्या तोंडाशी पोचले जेमतेम ९.१. करंट १४० अँपिअर धरला तर त्या बोटभर जागेत सुमारे २४० वॅट उष्णता तयार होत होती. म्हणूनच तीन-चारदा सेल्फ मारल्यावर खराब जोडाचा क्लॅम्प गरम लागतो. हीसुद्धा एक खूण आहे, फक्त हात जपून लावा.

जोड साफ करताना

डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, बोटातली अंगठी आणि मनगटातलं धातूचं कडं बाहेर. जवळ ठिणगी किंवा ज्योत नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. काही गाड्यांत बॅटरी सोडल्यावर रेडिओचा कोड मागितला जातो किंवा काचा पुन्हा सेट कराव्या लागतात. त्यासाठी आधी मॅन्युअल पाहून ठेवा.

निगेटिव्ह आधी सोडायचा, पॉझिटिव्ह नंतर. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतं आणि पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. निगेटिव्ह आधी निघाला की हा धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा, पॉझिटिव्ह आधी.

कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने थरावर लावायचा. आम्ल असेल तिथे फेस येतो, आणि फेस थांबला की आम्ल संपलं. हे पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये, म्हणून झाकणं घट्ट बंद हवीत. आत सोडा गेला तर तो आतलं आम्लही मारतो. मग साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून खांब बाहेरून आणि क्लॅम्प आतून तारेच्या ब्रशने घासायचे, शिशाची चमक दिसेपर्यंत. लोक नेमका क्लॅम्पचा आतला भाग विसरतात, आणि सगळं दुखणं तिथेच असतं. पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो. कोणी पूर्वी निगेटिव्हला चुकून मोठा क्लॅम्प बसवला असेल, तर तो कितीही आवळला तरी पुरता धरत नाही.

क्लॅम्प तळापर्यंत बसवून आवळल्यावर मग वरून पेट्रोलियम जेली लावायची, हवा आणि आम्ल रोखायला. आवळण्याआधी जाड थापली तर नको तिथे जाते. शिसं मऊ असतं, नट दांडगाईने पिळू नका. क्लॅम्प हाताने फिरत नाही, एवढं पुरे.

आपल्या गाडीत त्यानंतर पुन्हा मोजलं : सेल्फ चालू असताना खांबांवर १०.७, पॉझिटिव्ह जोडावर ०.०४, निगेटिव्हवर ०.०३. खांबांवरचा आकडा जवळपास तोच आहे, कारण बॅटरी तीच आहे. सेल्फच्या वाट्याला मात्र दीड व्होल्ट जास्त आले आणि इंजिन झटक्यात फिरलं.

आकडे उलटे आले असते तर

बॅटरी पूर्ण चार्ज करून, विश्रांती देऊन, शांत व्होल्ट १२.५ आले, दोन्ही जोडांवर गळती नगण्य, आणि सेल्फ मारताच खांबांवर ८.२, तर आतला रोध वाढला आहे. अशी बॅटरी बदलायची. शांत असतानाच आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर सहा सेलपैकी एक सेल गेलाय. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो.

एक पळवाट मात्र राहते. सेल्फच बिघडून भलताच करंट ओढत असेल, तरी खांबांवरचा आकडा असाच कोसळतो. तेव्हा चार्ज केलेली बॅटरी लोड टेस्टरवर किंवा सीसीए मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्यावी. सीसीए म्हणजे उणे १८ अंशाला बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते तो आकडा, आणि तो बहुधा लेबलवर छापलेला असतो. मोजलेला आकडा त्याच्या बराच खाली असेल तर दोष बॅटरीचा, जवळपास असेल तर सेल्फचा.

आणि खांबांवर ११ च्या वर, टर्मिनलच्या जोडांवर गळती नाही, तरी सेल्फ संथ? मग दोष पुढे आहे. निगेटिव्ह खांब ते इंजिनाचा उघडा धातू असं सेल्फ मारताना मोजा. ०.२ व्होल्टच्या बराच वर आकडा आला, तर बॉडी किंवा इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. जुन्या गाड्यांत हे सर्रास आढळतं आणि सहसा तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

पण झाकणावरचा डोळा तर हिरवा आहे

काही बॅटऱ्यांना असलेली ती गोल खिडकी फक्त एका सेलमधल्या आम्लाची घनता दाखवते. उरलेल्या पाच सेलबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि आतला रोध तर तिला कळतच नाही. हिरवा डोळा असलेली बॅटरी सेल्फला आठ व्होल्टवर आणू शकते. काळा डोळा दिसला तर चार्ज करा, एवढाच तिचा विश्वासार्ह उपयोग.

जंप दिल्यावर लगेच सुरू झाली, म्हणजे बॅटरीच ना?

हा युक्तिवाद फार पटण्यासारखा वाटतो आणि फार फसवा आहे. जंप केबलचा चिमटा आपण बहुतेक वेळा खांबावर नाही, क्लॅम्पवर लावतो. म्हणजे बाहेरचा करंट खराब जोडाला वळसा घालून थेट वायरीत जातो आणि गाडी सुरू होते. आपल्या उदाहरणातली गाडीसुद्धा जंपवर पहिल्या फटक्यात सुरू झाली असती, तिची बॅटरी चांगली असूनही.

नवी बसवायचीच ठरली तर

बसवण्याआधी जुनी का गेली ते पाहा, नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल. चालू इंजिनावर चार्जिंगचे व्होल्ट वर दिलेल्या पट्ट्यात आहेत का? अल्टरनेटर संगणकाने नियंत्रित असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा काही वेळ खाली येतो, तेव्हा एकाच क्षणाचा आकडा पाहून घाबरू नका. गाडी बंद करून, कुलूप लावून, आतले संगणक झोपेपर्यंत अर्धा-एक तास थांबून बंद गाडी किती करंट खाते तेही मोजून घेतात. ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तीनेक आठवड्यांत अर्धी. गाडी महिनाभर उभी ठेवून परतल्यावर बॅटरी उतरलेली दिसणं हा काही दोष नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिच्यात खास प्रकारची बॅटरी असते. तिच्या जागी त्याच प्रकारची बसवावी लागते. अशा अनेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो आणि नवी बॅटरी आल्याचं स्कॅनर लावून गाडीला कळवावं लागतं. न कळवल्यास गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते.

पैसे देण्याआधी झाकण पुसून कोड वाचा, आणि बसवताना खांबांवर मीटर लावायला सांगा. १२.४ च्या खाली आकडा असेल तर ती बॅटरी फळीवर बराच काळ पडून राहिली आहे, स्टिकर काहीही म्हणो. दुकानदाराला तीच चार्ज करून द्यायला न सांगता दुसरी काढायला सांगा.